पंच्याहत्तरावं लागलं, पूर्ण नाही झालं

रायपूरच्या तात्यापाऱ्यात वाढलेल्या आम्हा भावंडांना वाढदिवस दोन असत. एक आईच्या लक्षातला, तिथीचा, औक्षणाचा. दुसरा शाळेच्या दाखल्यावरचा, नाव घालताना गुरुजींनी सोयीने लिहिलेला जूनमधला. वयही दोन. घरी 'चौदावं लागलं', शाळेत 'तेरा पूर्ण'. त्यामुळे शुभेच्छेत वय चुकणं आमच्या घरांना नवीन नव्हतं.

नागपूरच्या मामाला पोस्टकार्ड लिहिताना आजोबा चुकले तर गिरगटत नसत. चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ आणि वर ठसठशीत बरोबर आकडा. कार्ड पेटीत पडल्यावर लक्षात आलं, तर दुसऱ्या दिवशी दुसरं कार्ड.

यंदा आजोबांची ती रीत मला उपयोगी पडली. सकाळी घरच्या ग्रुपवर मी आत्याला लिहिलं, 'अमृतमहोत्सवी वाढदिवसाच्या शुभेच्छा!' आत्याला त्या दिवशी चौऱ्याहत्तर पूर्ण झाली होती. अर्ध्या तासाने कळलं, तोवर पुणे-भिलाईच्या भावंडांनी माझाच आकडा उचलला होता. व्हॉट्सॲपवर मजकूर दुरुस्त करायला पंधरा मिनिटं मिळतात, ती संपली होती. सगळ्यांसाठी पुसायला साधारण अडीच दिवस असतात, पण मी पुसलं नाही. पुसल्याची खूण मागे राहते आणि खाली इतरांचा पंच्याहत्तरचा आकडा तसाच लोंबकळतो.

आधी आत्याला फोन केला. ती म्हणाली, "अरे, लागलं तर आहेच की!" मग माझ्याच संदेशाला उत्तर देऊन लिहिलं, 'आत्याला आज ७४ पूर्ण, पंच्याहत्तरावं लागलं. चूक माझी. अमृतमहोत्सव पुढच्या वर्षी, सगळ्यांनी रायपूरला यायचं.' एवढंच. लांबलचक माफी मागितली असती, तर वाढदिवस आत्याचा न राहता माझा झाला असता. दुपारपर्यंत गप्पा पुढच्या वर्षीच्या तिकिटांवर आल्या.

नाव चुकलं तरी हीच रीत, फक्त दुरुस्तीच्या ओळीत बरोबर नाव आधी यावं. पण शुभेच्छा दुःखाच्या घरच्या ग्रुपवर गेली, तर थांबू नये. लगेच 'सगळ्यांसाठी' पुसावी. घाईत 'फक्त माझ्यासाठी' दाबलं, तर ती आपल्यापुरती जाते आणि त्यांना दिसत राहते. काही सेकंद उलटवायची सोय दिसते, तेवढ्यात ते परत घ्यावं. त्यानंतर त्या घरी फोन करावा, हसरं चित्र पाठवू नये.

आत्याच्या पंच्याहत्तरीसाठी चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात चौकशी करायची आहे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी तिची जन्मतारीख, जन्मवर्ष आणि पुढे '७५ पूर्ण' असं लिहून ठेवलं आहे. तुमच्या घरच्या मोठ्यांचंही जन्मवर्ष असंच लिहून ठेवा, नुसतं वय नको.