पोटातला गोळा आणि पोटातली फुलपाखरं

विठ्ठलवाडी म्हणजे कल्याण आणि उल्हासनगरच्या मधलं स्टेशन. त्यामुळे माझ्या चौथीच्या वर्गात मराठी, हिंदी, सिंधी अशा सगळ्या घरांतली मुलं असतात. स्नेहसंमेलनानंतर मी "माझा अनुभव" लिहायला दिला होता. एका मुलीनं लिहिलं, "स्टेजवर जाताना माझ्या पोटात फुलपाखरं उडत होती." मी लाल पेनानं खोडून वर लिहिलं, "पोटात गोळा आला."

वही परत देताना ती म्हणाली, "बाई, गोळा नव्हता. गोळा भीतीचा असतो. मला भीती पण वाटत होती आणि जायचं पण होतं."

मी गप्पच झाले. तिचं बरोबर होतं. फुलपाखरं इंग्रजीतून आलेली, पण त्यांच्यात भीती आणि उत्सुकता एकत्र आहे. आपल्या गोळ्यात उत्सुकता नाही. आपली "हुरहूर" जवळ जाते, पण तिच्यात थोडी उदासीही असते. "छातीत धडधडणं" धावल्यावरही होतं.

मग लक्षात आलं, चूक माझ्या शिकवण्यातच होती. मी फळ्यावर लिहायचे: पोटात गोळा येणे म्हणजे भीती वाटणे, काळजात धस्स होणे म्हणजेही भीती वाटणे. त्यामुळेच एकानं लिहिलं होतं, "उद्या पेपर आहे म्हणून माझ्या काळजात धस्स होतंय."

दुसऱ्या दिवशी अर्थ न सांगता एक प्रसंग सांगितला. आई रोज सातच्या लोकलनं येते. आज साडेसात झाले, फोन लागत नाही. "गाड्या बंद आहेत," असं शेजारच्या काकू म्हणाल्या. तेव्हा काय होतं? काळजात धस्स. हे एका क्षणाचं, वाईट बातमी कानावर पडल्याबरोबर होणारं. मग आपण दारात वाट बघतो, तेव्हा जीव टांगणीला लागतो. तो बराच वेळ तसाच राहतो. आई जिना चढताना दिसली की जीव भांड्यात पडतो. आणि गोळा? तो उद्याच्या पेपरचा, पुढं येणाऱ्या गोष्टीचा.

हिंदी बोलणाऱ्या एका मुलानं विचारलं, "बाई, कोणत्या भांड्यात?" त्याच्या घरी अशा वेळी "जान में जान आई" म्हणतात, तिथं भांडं नाही. मराठीतलं भांडं शब्दशः हिंदीत नेलं तर कुणाला काही कळणार नाही. म्हणून वाक्प्रचाराला प्रतिशब्द न शोधता "हे कधी म्हणतात?" असं विचारायला लावलं. पुढच्या वेळी "धस्स" योग्य जागी आलं.

त्या मुलीच्या वहीतली माझी दुरुस्ती मी खोडली. खाली लिहिलं, "फुलपाखरं राहू देत."