अडकलेली तोंडी

आमच्या बँडात ट्रंपेट एकच, तेही अण्णांचं. एका लग्नसराईत मी ते हौसेनं घेतलं आणि तोंडी घट्ट बसावी म्हणून तिच्यावर तळहाताची थाप मारली. ती अडकली ती अडकलीच. दुसऱ्या दिवशी दुपारी वरातीची सुपारी होती.

मी पक्कड आणली, तसे अण्णा ओरडले, "ठेव ती! तोंडी ऱ्हाईल जाग्यावर आन् नळीच मुरगळंल!" तोंडीचा दांडा निमुळता, तो पाचरीसारखा रुततो. जोरात पिळलं, की पातळ नळी वाकते, टेकूंचे डाग सुटतात.

रात्री अण्णांनी सांध्यावर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले. सकाळी नळीच्या तोंडाशी असलेल्या जाड कड्याला गरम पाण्यातून पिळलेलं फडकं गुंडाळलं. पितळ तापलं की कडं किंचित फुगतं. स्टोव्हवर धरलं असतं तर डागच वितळले असते.

मग मी वाद्य मांडीवर धरलं. अण्णांनी लाकडी मुठीनं कड्यावर हलक्या टिचक्या मारल्या, एका जागी नाही, वाद्य फिरवत चहूबाजूंनी. मधेच तोंडी हलवून पाहत. चौथ्या फेरीला ती जराशी हलली. अण्णांनी कडंच मुठीत पकडलं, दुसऱ्या हातानं तोंडी सरळ ओढली. निघाली!

नसती निघाली, तर शहरातल्या दुरुस्तीवाल्याकडं जावं लागलं असतं. कड्याला टेकून तोंडी सरळ मागं ओढणारं स्क्रूचं हत्यार त्याच्याकडं असतं. वरात मात्र हुकली असती.

"तोंडी ठेवायची, जरा फिरवायची, बास," अण्णा म्हणाले. "थाप ढोलाला."