हिरवा दिवा लागतो, पण इंटरनेट येत नाही

नवीन फायबर कनेक्शन घेतलंय, मोबाइलवर वायफायच्या सगळ्या रेघा दिसतात, तरी खाली ‘No internet’ असं येतं? मग आधी राउटरच्या दिव्यांकडे बघा. ‘PON’चा दिवा स्थिर हिरवा असेल आणि ‘LOS’चा लाल दिवा लागला नसेल, तर तुमच्या घरापर्यंत तार व्यवस्थित आली आहे. ‘Internet’चा दिवा मात्र बंद किंवा लाल असेल, तर बहुधा लॉगिन झालेलं नाही.

अनेक कंपन्या फायबरवर पीपीपीओई नावाची पद्धत वापरतात. ती 1999 सालची आहे. डायल-अपच्या काळासारखंच इथेही ग्राहकाचं नाव आणि पासवर्ड सांगितल्यावरच पलीकडून दार उघडतं. फरक इतकाच, की हे काम राउटर स्वतः करतो. त्याला ती माहिती एकदा भरून द्यावी लागते.

आमच्या लक्ष्मीबाई नगरात बदलीवर येणारी-जाणारी कुटुंबं पुष्कळ. शेजारच्या क्वार्टरमध्ये नागपूरहून आलेल्या ताईंकडे तार जोडून माणूस निघून गेला होता. त्यांच्या मुलीचा परीक्षेचा फॉर्म भरायची त्या रात्री 12 पर्यंतच मुदत होती. मोबाइलचं नेटवर्क तर आतल्या खोलीत पोहोचतच नव्हतं.

आम्ही फोन वायफायला जोडला आणि ब्राउजरमध्ये हे टाकलं:

```
192.168.1.1
```

तुमच्या राउटरचा पत्ता वेगळा असू शकतो. तो पत्ता आणि आत जायचा पासवर्ड राउटरच्या पाठीवरच्या स्टिकरवर असतो. आत ‘WAN’ विभागात प्रकार ‘PPPoE’ होता, पण ‘Username’ आणि ‘Password’ हे दोन्ही रकाने रिकामे होते. हा पासवर्ड वायफायचाही नाही आणि स्टिकरवरचाही नाही. तो कंपनी मेसेजने किंवा कागदावर देते. ताईंच्या मेसेजमध्ये तो सापडला.

भरून ‘Save’ केलं, तर ‘Authentication failed’ आलं. म्हणजे पलीकडून उत्तर येत होतं, फक्त अक्षर चुकलं होतं. मेसेजमधलं मोठं O ताईंना शून्य वाटलं होतं. ते बदलताच ‘Status’मध्ये 0.0.0.0 च्या जागी खरा आयपी पत्ता दिसला आणि मुलगी फॉर्म भरायला बसली.

तुमच्याकडे उत्तरच आलं नाही आणि ‘Timeout’ दिसलं, तर पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकू नका. तिथे बहुधा ‘VLAN ID’चा आकडा चुकलेला असतो किंवा कंपनीने कनेक्शन चालू केलेलं नसतं. त्यासाठी फोनच करावा लागतो. काही कंपन्या पीपीपीओई वापरतच नाहीत, तेही तेव्हाच विचारून घ्या.

आणि मागचं रिसेटचं बारीक बटण दाबू नका. त्याने भरलेलं सगळं पुसलं जाऊ शकतं. नाव आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा, O आणि शून्य वेगळे ओळखू येतील असे.