चार माग आणि आठ माग

भिवंडीला लागून असलेल्या शेलारसारख्या गावात घरच्याच माणसांनी चालवलेला यंत्रमागाचा कारखाना पाहिला, तर मागांची वाटणी बहुधा आकड्यावर झालेली दिसते. बारा माग आणि दोन भाऊ असतील तर सहा तुझे, सहा माझे. वडील मुकादमी पाहतात, सून कांड्या भरते. वरवर यात कुणावर अन्याय नाही. तरीही माझं ठाम मत आहे की सारखे माग म्हणजे सारखं काम नव्हे, आणि घरातली बरीचशी धुसफूस या हिशोबातल्या चुकीतून उगवते. माग चालू असतो तेव्हा विणकराला हात लावावा लागत नाही. त्याचं काम माग थांबल्यावर सुरू होतं. म्हणून ओझं मोजायचं ते माग किती वेळा थांबतो आणि पुन्हा सुरू करायला किती वेळ जातो, यावर.

साधा माग दोन कारणांनी वारंवार थांबतो. एक म्हणजे धोट्यातली कांडी संपते. बारीक सूत असेल तर एक कांडी पाच-सहा मिनिटं पुरते, म्हणजे तासाला दहा वेळा धोटा बदलायचा. दर वेळी पंधरा सेकंद धरले तर अडीच मिनिटं झाली. दुसरं म्हणजे ताण्याची तार तुटते. बीम चांगला असेल आणि तासाला दोनच तारा तुटल्या, तर सराईत हाताला प्रत्येकी दीड मिनिटाप्रमाणे तीन मिनिटं लागतात. एका मागाला तासात साडेपाच मिनिटं, सहा मागांना तेहेतीस. आता सायझिंग बिघडलेला बीम घ्या. कांजी नीट बसली नसेल तर सूत फणीत घासून पिंजतं आणि तासाला सहा तारा जातात. त्या एका मागाला साडेअकरा मिनिटं लागतात. असे सहा माग एकाच्या वाट्याला आले तर साठ मिनिटांच्या तासात त्याला एकोणसत्तर मिनिटांचं काम होतं. तो कितीही धावला तरी एखादा माग उभाच राहणार, आणि घरात मात्र बोलणं होणार की धाकटा आळशी आहे.

बारांपैकी चार मागांवर असे खराब बीम चढले असतील तर मग वाटणी कशी करावी? थोरला सराईत असेल तर चारही खराब माग त्याच्याकडे द्यावेत, त्याची सेहेचाळीस मिनिटं भरतात. उरलेले आठही चांगले माग दुसऱ्या तितक्याच सराईत माणसाला दिले तर त्याची चव्वेचाळीस होतात. एकाला चार आणि दुसऱ्याला आठ, तरी ओझं जवळपास सारखं. पण धाकटा नवखा असेल आणि त्याला तार सांधायला अडीच मिनिटं लागत असतील, तर आठ मागांत त्याचा पुरा तास संपतो. त्याला सहाच द्यावेत, म्हणजे तोही पंचेचाळिसाशी येतो. उरलेले दोन वडिलांनी पाहावेत. त्यांची नजर अजून चांगली असेल तरच, कारण तार वहीच्या डोळ्यातून ओवायची असते, आणि ती चुकीच्या घरातून गेली की कापडावर उभी रेघ धरते. ती रेघ ताका उलगडेपर्यंत लक्षात आली नाही, तर व्यापारी मजुरीतून पैसे कापतो. नजर अधू झाली असेल तर त्यांच्याकडे तेलपाणी, मागाची दुरुस्ती आणि ताका तपासणं द्यावं. मागाचा ठोका बिघडला की तो कानानं ओळखणारं माणूस कारखान्यात तेच असतं. या दोन मागांपैकी मग एक थोरल्याला आणि एक धाकट्याला, पण दोघेही बावन्न-त्रेपन्नवर जातात हे माहीत असूनच.

पंचेचाळिसावरच का थांबायचं, उरलेली पंधरा मिनिटं माणूस रिकामाच की, असं कुणी म्हणेल. पण माग आपसांत ठरवून थांबत नाहीत. दोन एकाच वेळी थांबले की दुसऱ्याला थांबून राहावं लागतं, आणि ओझं तासाच्या काठाला जितकं येतं तितका हा खोळंबा वाढत जातो. शिवाय त्या मोकळ्या मिनिटांतच विणकर कापडावर नजर टाकतो.

सुनेचं काम तर बहुतेक हिशोबात येतच नाही. बारा मागांना तासाला सुमारे एकशेवीस कांड्या लागतात. ती तासभर स्वयंपाकाला उठली आणि टोपलीत तेवढ्या भरलेल्या कांड्या नसल्या तर बाराही माग तिच्यासाठी खोळंबतात. म्हणून आधी टोपली भरेल एवढी सवड तिला द्यायला हवी. नाही तर त्या तासाला दुसऱ्या कुणीतरी कांडी मशीनपाशी उभं राहावं, घरातला मुलगा असला तरी.

यावर मोठा आक्षेप पैशाचा येतो. मजुरी मीटरवर मिळते, तेव्हा खराब बीमवाल्याचं कापड कमी निघणार आणि चांगला हात असूनही तोच मागे दिसणार. आक्षेप खरा आहे, आणि तो पगारी कारखान्यात सोडवणं अवघड जातं. घरच्या कारखान्यात मात्र सगळा पैसा एकाच ठिकाणी येतो. तिथे भावाभावांचा हिस्सा मीटरवर न धरता पाळीच्या तासांवर धरता येतो, आणि त्यात कांड्यांचे तासही मोजता येतात. घरात हिशोब कशाला, असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सुचवेन की नवा बीम चढला की प्रत्येक मागाजवळच्या भिंतीवर तासभर खडूनं खुणा कराव्यात, कांडीला उभी रेघ आणि तुटलेल्या तारेला फुली. कोणत्या मागाजवळ फुल्या दाटल्या ते मग थोरल्याला धाकट्याकडून ऐकावं लागत नाही. आणि फुल्या बीम बदलला तरी कमी झाल्या नाहीत, तर दोष बीमचाही नाही आणि विणकराचाही नाही. फणी, वही किंवा मागाची जुळणीच तपासायला हवी, आणि ते काम वडिलांचं.