तीन गवाह

गेल्या वर्षी सहावीच्या वर्गासाठी मी एक छोटीशी गोष्ट लिहिली. आमची शाळा उर्दू माध्यमाची. मराठीच्या पुस्तकातले धडे मुलं वाचतात, प्रश्नांची उत्तरंही लिहितात, पण त्यांतलं घर त्यांना आपलं घर वाटत नाही. म्हणून म्हटलं, आपणच काहीतरी लिहून पाहावं.

गोष्ट साधी होती. एक दादी आपल्या नातीला फजरनंतर बंदरावर घेऊन जाते आणि ताजी मासळी कशी ओळखायची ते शिकवते. "ज्या माशाचा डोळा चमकतो तो ताजा," असं सांगते. पुढे एके दिवशी नात एकटी जाते, चमकत्या डोळ्यांचे बांगडे घेऊन येते आणि दादी खूश होऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवते. संपली गोष्ट.

मी ती वर्गात वाचून दाखवली. निम्मी मुलं मच्छीमारांच्या घरातली. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो मराठीच्या तासाला कधी तोंड उघडत नाही, तो उभा राहिला आणि म्हणाला, "बाजी, नुसता डोळा बघून कोन मासळी घेतो?"

वर्ग हसला. मीही हसले. पण घरी जाताना माझं मन थाऱ्यावर नव्हतं. तो मुलगा खरं बोलला होता आणि ते मला त्याच्याइतकंच ठाऊक होतं. गोष्टीतल्या दादीच्या तोंडी मी जे वाक्य घातलं, ते माझ्या दादीने कधीच उच्चारलं नव्हतं. ते दहा वर्षांच्या माझं होतं, आणि त्याचा त्रास माझ्या धाकट्या भावाला भोगावा लागला होता.

ही १९९९ सालची हकिकत. आम्ही तेव्हा रत्नागिरीत राजिवड्याला राहत होतो. दादीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. माणसाचा चेहरा तिला धुक्यातून पाहिल्यासारखा दिसे. तरी घरातली मासळी आणायचं काम तिने कुणाला दिलं नव्हतं. फजरची नमाज पढून ती मला उठवायची, पांढरी ओढणी डोक्यावरून घ्यायची आणि माझा हात धरून मिरकरवाड्याची वाट धरायची.

धक्क्यावर पोचलो की रात्रभर समुद्रात राहिलेल्या बोटींतून पाट्या उतरत असत. लिलावाचा आरडाओरडा चालू असे. तो घाऊक व्यापार, आमच्यासारख्यांचा नव्हे. लिलावात पाटी घेऊन बायका कडेला येऊन बसत आणि वाटे लावत. दादी लगेच खरेदीला लागत नसे. आधी एक पूर्ण फेरी मारायची. कशालाही हात न लावता प्रत्येक पाटीपुढे उभी राहून ती एकच विचारायची, "कधी उतरली गो? बरफ कधी पडला?" मावशी काहीतरी उत्तर द्यायची, दादी मान हलवून पुढे जायची. मला वाटे, ही म्हातारीची गप्पा मारायची तऱ्हा आहे.

मग दुसऱ्या फेरीला खरं काम सुरू व्हायचं. पहिल्याच दिवशी तिने मला सांगितलं, "निकाहला दोन गवाह लागतात, मासळीला तीन. एकाच्या सांगन्यावर निकाल देयाचा नाय. डोला तू बघ, बाकीचा माझी बोटां बघतील."

पहिला गवाह डोळा. ताज्या माशाचा डोळा भरलेला, किंचित बाहेर आलेला असतो आणि बाहुली काळीभोर दिसते. मासा शिळा होत गेला की डोळा आत बसतो आणि दुधाळ होतो.

दुसरा गवाह कल्ले. दादी अंगठ्याने झाकण उचलायची आणि मला रंग विचारायची. लाल, ओला रंग असला तर ठीक. तपकिरी झाला तर वेळ गेली, करडा आणि चिकट झाला तर बोलायलाच नको. रंग मी सांगायचे, वास ती घ्यायची. मासा बिघडतो तेव्हा वास आधी कल्ल्यांतच उठतो, असं तिचं म्हणणं. ताज्या मासळीला समुद्राचा वास येतो, आंबट किंवा नाकाला झोंबणारा नाही.

तिसरा गवाह अंग. पाठीवर बोट दाबायचं. खड्डा लगेच भरून आला तर मासा ताजा, बोटाची खूण तशीच राहिली तर शिळा. बांगडा असेल तर डोक्याकडून धरून आडवा करायचा. नुकता पकडलेला बांगडा काठीसारखा ताठ राहतो, उशिराचा शेपटीकडे वाकतो. त्याचं पोट तर दोनदा चाचपायचं, कारण आतडी आधी सडतात आणि पोट मऊ पडतं. पापलेटची तऱ्हा निराळी. त्याला कल्ल्याजवळ दाबलं की पांढरं पाणी यायला हवं. लालसर आलं की दादी तो हळूच परत ठेवायची, मावशीला वाईट वाटू नये म्हणून एक शब्द न बोलता.

तीन गवाह कशाला, हे मला एका सुरमईने समजावलं. तिचा डोळा पांढुरका होता. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "दादी, ही नको." दादीने कल्ला उचलला, रंग विचारला. लालभडक. बोट दाबलं, मांस लगेच वर आलं. वास घेतला आणि म्हणाली, "ही बरफात झोपलेली हाय." बोटीच्या खणात मासा रात्रभर बर्फाला चिकटून राहिला की डोळ्यावर सायीसारखा पडदा येतो, आत मांस मात्र उत्तम असतं. डोळा बघून बाकीच्या गिऱ्हाइकांनी सोडलेली ती सुरमई आम्हांला स्वस्तात मिळाली. वाटेत दादी म्हणाली, "माझ्या डोल्यावर पन पडदा हाय. मी काय शिली झाली?"

आणखी एक गोष्ट ती म्हणायची. मटणासाठी कसाई असतो, त्याच्या बिस्मिल्लावर आणि सुरीवर आपण भरवसा ठेवतो. मासळीला जबीहा लागत नाही. म्हणून मधे कुणी जिम्मेदार उभा नसतो. पारख आपली, आणि चूकही आपलीच.

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये दादीच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. ती दवाखान्यात होती. घरी फुफी यायची होती आणि अम्मीला बांगडे हवे होते. मी म्हटलं, मी आणते. चुलत बहिणीला बरोबर घेतलं, पण आम्ही उठलोच उशिरा. बंदरावर पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते आणि ऊन चटके देत होतं. धक्का जवळपास रिकामा झाला होता. एका पाटीवर ओलं गोणपाट होतं. ते उचलून मावशीने पाण्याचा हबका मारला आणि बांगडे चमकले. डोळे तर आरशासारखे. मी एक बांगडा उचलला. तो वाकला. पोटाला बोट लागलं, मऊ होतं. हे मला कळलं होतं, हे मी आज लपवणार नाही. पण डोळे चांगले होते, घरी पाहुणे होते, रिकाम्या हाताने परत जायची लाज होती. मी डझनभर घेतले.

अम्मीने झणझणीत कालवण केलं. जेवण होऊन अर्धा तास झाला नसेल, माझ्या सहा वर्षांच्या भावाचा चेहरा लाल झाला. मानेवर, पाठीवर गांधी उठल्या. डोकं दुखतंय म्हणून तो रडायला लागला. अम्मीलाही अंगातून वाफा निघाल्यासारखं वाटत होतं. डॉक्टरांनी पाहताच विचारलं, "बांगडा खाल्ला का?" त्यांनी इंजेक्शन दिलं. संध्याकाळपर्यंत भाऊ खेळायला लागला. पण ते मधले तास मी दाराच्या कोपऱ्यात बसून काढले.

त्या त्रासामागचं कारण मी पुढे शिक्षिका झाल्यावर वाचलं. बांगडा, कुपा अशा माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचा घटक भरपूर असतो. मासा बर्फाशिवाय उन्हात राहिला की जंतू त्याचं हिस्टामीन करतात. अंगावर गांधी उठतात त्या त्यामुळेच. हे एकदा तयार झालं की शिजवून जात नाही, तळून जात नाही, मागाहून बर्फात ठेवलं तरी जात नाही. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, मासा दिसायला पुरता बिघडण्याआधीच ते तयार होऊ शकतं. म्हणजे कधी कधी तिन्ही गवाह चांगले बोलतील आणि तरी मासा बाधेल. तिथे एकच इलाज: तो कधी उतरला आणि त्याच्यावर बर्फ कधी पडला, हे माहीत असणं. ज्याला मी म्हातारीच्या गप्पा समजत होते, तो दादीचा पहिला आणि सगळ्यांत महत्त्वाचा सवाल होता.

दुसऱ्या दिवशी मी अब्बांबरोबर दवाखान्यात गेले. दादीच्या डोळ्यावर पट्टी होती. तिला सगळं कळलं होतं. तिने मला जवळ बसवलं आणि विचारलं, "कधी उतरली, इचारलंस?"

"नाय."

"अंग कसा होता?"

"वाकला."

थोडा वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हंजे दुसरा गवाह उलट बोलत होता. तू तुला हवा त्याचाच ऐकलास." त्यापलीकडे एक शब्द नाही. ना मला, ना माझ्याबद्दल दुसऱ्या कुणाला.

पट्टी निघाल्यावर तिला स्वच्छ दिसू लागलं. आम्ही पुन्हा बंदरावर जाऊ लागलो. आता ती माशाचा डोळा स्वतः बघू शकत होती. तरी डोळा बघायचं काम तिने माझ्याकडून काढून घेतलं नाही. फक्त एक बदल झाला. पहिल्या फेरीतला तो सवाल आता मला विचारायला लावायची.

दादी जाऊन बरीच वर्षं झाली. वर्गातल्या त्या मुलाच्या बोलण्यानंतर मी गोष्ट काढून पुन्हा लिहिली. आता त्यातली नात उशिरा बंदरावर पोचते. पाटीतले बांगडे चमकत असतात. ती विचारते, "मावशी, कधी उतरली?" मावशी नीट उत्तर देत नाही. ती एक बांगडा उचलते, तो वाकतो. ती परत ठेवते आणि रिकामी पिशवी घेऊन घरी येते. दादी तिच्या डोक्यावरून हात फिरवते.

वाचून झाल्यावर मी मागच्या बाकाकडे पाहिलं. तो मुलगा उभा राहिला.

"आता बरोबर, बाजी. पन मग त्यांनी त्या दिवशी खाल्ला काय?"

"सुक्या जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी," मी म्हटलं.

"मग चालेल," तो म्हणाला आणि खाली बसला.