पश्चिमेच्या भिंतीची परांची

साताऱ्यात घराची पश्चिमेची भिंत सगळ्यात जास्त मार खाते. यवतेश्वराकडून वाऱ्याबरोबर येणारा पाऊस तिच्यावर आडवा आदळतो. म्हणून आमच्या दुमजली घराच्या बाहेरच्या प्लास्टरला निघालो तेव्हा मी मिस्त्रींना एकच अट घातली होती: भिंतीत एकही भोक पाडायचं नाही.

एकेरी परांचीत बाहेर उभ्या पाइपांची एकच रांग असते आणि आडव्याचं आतलं टोक भिंतीतल्या भोकात बसवतात. सामान निम्मं लागतं. पण ती भोकं परांची उतरवताना घाईत बुजवली जातात. आत विटेचा तुकडा, वर मसाल्याचा थापा. नवा थापा सुकताना आकसतो, कडेनं केसासारखी फट पडते आणि पाणी तिथूनच आत शिरतं. सांगलीत बहिणीच्या घरी बेडरूमच्या भिंतीवर ओलीचे डाग एका ओळीत, सारख्या अंतरावर उमटलेत. परांची कुठं होती ते अजून सांगता येतं.

"दुहेरी बांधतो सर, पण माल दुप्पट लागंल," मिस्त्री म्हणाले. मग आम्ही ओट्यावर बसून हिशेब मांडला.

भिंत 28 फूट लांब आणि पॅरापेट धरून 23 फूट उंच. उभे पाइप साधारण साडेपाच फुटांवर, म्हणजे सहा जोड्या. आतली रांग भिंतीपासून फूटभर लांब, कारण मधून हात आणि ओळंबा फिरला पाहिजे. आतली आणि बाहेरची रांग यांत साडेतीन फूट, म्हणजे नऊ इंची चार फळ्या आरामात बसतात. मजले तीन: 6, 12 आणि 18 फुटांवर. अठरावर उभा राहिलेला गवंडी पॅरापेटच्या माथ्यापर्यंत पोचतो. बाहेरची रांग मात्र अठराच्याही वर साडेतीन फूट न्यावी लागते, कठड्याचा पाइप बांधायला. वीस फुटी पाइपाला पाच फुटी तुकडा जोडला की काम भागतं. फक्त सगळे सांधे एका उंचीवर येऊ द्यायचे नाहीत. एका पाइपात तुकडा खाली, शेजारच्यात वर.

क्लॅम्पचा हिशेब यातूनच निघतो. प्रत्येक मजल्यावर दोन लांब आडवे, सहा उभ्यांना बांधलेले, म्हणजे बारा क्लॅम्प. तीन मजल्यांचे 36. आत-बाहेर जोडणारे आखूड पाइप 18, दोन्ही टोकं धरून आणखी 36. कठड्याचे 18. भिंतीशी बांधायला आठेक. झाले शंभरच्या आसपास फिक्स. तिरक्या पाइपांना वेगळे, फिरते क्लॅम्प डझनभर. तिरके न लावता नुसता चौकटींचा सांगाडा उभा केला तर सगळा डोलारा एका बाजूला झुकू शकतो.

भोक नाही, तर परांची भिंतीला धरायची कशी? वरच्या दोन खिडक्यांतून. ग्रिल बसायच्या आधीच काम काढल्यानं हे जमलं. परांचीपासून एक पाइप खिडकीतून आत घ्यायचा. खिडकीपेक्षा दीड-दोन फूट लांब पाइप आतल्या बाजूनं भिंतीला आडवा टेकवून त्याला क्लॅम्पनं आवळायचा, तसाच एक बाहेरून. मग परांची ना पुढं येते, ना मागं जाते.

माल उतरला तो संध्याकाळी. सकाळी बांधणी सुरू झाली तेव्हा एका कोपऱ्यातले क्लॅम्प कितीही आवळले तरी पाइपावरून घसरत होते. मिस्त्रींनी खिशातली टेप काढून पाइपाला गुंडाळली. तेरा सेंटिमीटरच्या थोडं वर. शेजारच्या पाइपाचा घेर पंधराच्या वर. दीड इंची म्हणतात त्या पाइपाचा बाहेरचा व्यास 48 मिलिमीटर असतो आणि क्लॅम्प त्यालाच बसतो. सव्वा इंची पाइप 42 चा. गंज आणि सिमेंट चढलेलं असलं की लांबून दोन्ही सारखेच दिसतात. गाडी भरताना यार्डात दोन्ही ढीग मिसळले होते. बारीक पाइप वेगळे काढले, परत पाठवले आणि बदली माल येईपर्यंत काम थांबवलं. मिस्त्रींचा एक पोरगा क्लॅम्पमध्ये पत्र्याचा तुकडा घालून बघत होता. त्याला त्यांनी असं झापलं की शेजारीण गॅलरीत आली.

आमच्या आवारात मुरूम आहे, त्यामुळं बेसप्लेट बसल्या त्या बसल्या. बहिणीकडं काळी माती. तिथं पाणी मारताना खालची जमीन मऊ झाली, बाहेरची रांग बोटभर खचली आणि फळ्या कलल्या. काळ्या मातीत प्लेटखाली लांब फळी टाकावीच लागते, वजन पसरायला. क्युरिंगचं पाणी तर पायाशी येणारच.

प्लास्टर वरून खाली उतरत आलं. परांचीही तशीच सुटत गेली, पण खिडक्यांतले पाइप मिस्त्रींनी वरचा मजला पूर्ण उतरेपर्यंत काढू दिले नाहीत. दरम्यान मी क्लॅम्प जळक्या ऑइलच्या घमेल्यात बुडवून काढत होतो. बोल्टच्या आट्यांत सिमेंट अडकलेला क्लॅम्प यार्डवाला खराब म्हणून धरतो आणि त्याचे पैसे डिपॉझिटमधून कापतो.