रेल्वेचं पाणी पुढं कुठं गेलं?

मंडळी, माझं पहिलं पुस्तक छापून आलंय. नाव 'घागरीचा नंबर'.

१२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. आम्ही पत्रकार पहाटेपासून स्टेशनावर होतो. मीही बातमी दिली. पण ते पाणी पुढं टँकरनं कुठल्या गल्लीत पोचलं आणि कुठल्या नाही, हे लिहायचं राहूनच गेलं. त्या राहिलेल्या बातमीचं हे पुस्तक.

रात्री रांगेत घागर ठेवून नंबर लावणाऱ्या बायकांशी बोलून लिहिलंय. एक मावशी म्हणाल्या, "रेल्वे टीव्हीवर बघितली बाबा, पाणी मात्र इकतच घेतलं." पुस्तक या वाक्यानंच सुरू होतं.

सगळं पुस्तकात आलंय असं नाही. शहराबाहेरच्या वाड्या-वस्त्या सुटल्यात.

एकशे चाळीस पानं, दीडशे रुपये. विकत घ्यायलाच पाहिजे असं काही नाही, दोन प्रती वाचनालयात ठेवल्यात. तुम्हीही त्या रांगेत असाल, तर वाचा आणि कुठं चुकलंय ते सांगा. दुसऱ्या आवृत्तीची वेळ आलीच, तर दुरुस्त करीन.